पहिला बल्ब करंट खातो का?

सहावी-सातवीच्या मुलांना एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्यावा आणि बल्ब लावून दाखवायला सांगावं. बहुतेक जण वायरचं एक टोक सेलच्या वरच्या टोपीला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावतात. बल्ब लागत नाही. घरातल्या दिव्याला एकच वायर जाताना दिसते, त्यामुळे त्यांचा अंदाज चुकीचा म्हणवत नाही. त्या एका वायरच्या आत दोन तारा असतात, हे दिसत नाही इतकंच. बल्बलाही दोन जागा लागतात: बुडाचा ठिपका आणि बाजूचं धातूचं आवरण. बल्बचा ठिपका सेलच्या टोपीवर टेकवून, वायर सेलच्या तळापासून बल्बच्या आवरणाला लावली की तो पेटतो. हे मुलांना खटपट करून सापडू द्यावं. मात्र वायरची दोन्ही टोकं थेट सेलच्या दोन टोकांना लागली तर वायर तापते आणि सेल लवकर संपतो, ही सूचना आधीच द्यावी.

खरी अडचण पुढे येते. सर्किट पूर्ण हवं हे मान्य केलेला मुलगाही म्हणतो, ‘बल्बमधून करंट बाहेर येतो, पण थोडा वापरून झालेला.’ मग एकापुढे एक दोन बल्ब जोडले तर दुसरा मंद लागेल, असा त्याचा होरा. तो आधी वहीत लिहून घ्यावा आणि मगच दोन सेल व २.५ व्होल्टचे दोन बल्ब जोडून दाखवावेत. (एका सेलवर दोन बल्ब इतके मंद लागतात की वर्गात भांडण होतं.) दोन्ही सारखेच लागतात.

कधी मात्र एक खरोखर मंद दिसतो आणि वर्ग जिंकल्यासारखा ओरडतो! कारण बाजारातले बल्ब तंतोतंत सारखे नसतात. अशा वेळी समजावत न बसता बल्बांच्या जागा बदलाव्यात. मंद बल्ब पुढे आणला तरी तोच मंद राहतो, म्हणजे फरक बल्बाचा, जागेचा नाही. अँमीटर असेल तर पहिल्या बल्बाआधी, दोघांच्या मधे आणि दुसऱ्यानंतर लावून बघावा. तिन्ही ठिकाणी साधारण ०.२ अँपिअर, एकच आकडा.

मग सेल संपतो तो कशाने? मुलं हे विचारणारच. संपतात ती सेलमधली रसायनं. त्यांची ऊर्जा बल्बमध्ये उजेड आणि उष्णता होऊन जाते, तारेतून वाहणारा प्रभार मात्र तितकाच परत येतो. आता दोनांपैकी कुठलाही बल्ब सैल करावा, अगदी ‘शेवटचा’सुद्धा. दुसराही विझतो. ‘पहिल्या’पर्यंत तर करंट पोचलाच होता ना, मग तो का विझला, यावर मुलं बराच वेळ अडतात. त्यातूनच कुणीतरी विचारतं की घरातला एक दिवा बंद केल्यावर बाकीचे कसे चालू राहतात, आणि समांतर जोडणीचा तास तिथून सुरू करता येतो.