उपकाराचे खाते वेगळे, पगाराचे खाते वेगळे

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरग्यासारख्या गावात दुकानाचे वेतन बहुधा कागदावर ठरत नाही, नात्यावर ठरते. मुनीम, हिशोबनीस किंवा काउंटरवरचा मुलगा दुकानात ‘लागतो’ तो कोणाच्या तरी शब्दावर. मालक त्याच्या बहिणीच्या लग्नाला मदत करतात, आई आजारी पडली तर सोलापूरच्या दवाखान्यात ओळख काढून देतात, दिवाळीला कपडे करतात. हे सारे मोलाचे आहे. परंतु याच जिव्हाळ्याची एक दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. ज्याला ‘घरचा माणूस’ म्हटले जाते, त्याला पगारवाढ मागणे सर्वांत अवघड जाते, कारण त्याची मागणी हिशोब म्हणून ऐकली जात नाही, कृतघ्नपणा म्हणून ऐकली जाते.

ही अडचण सर्वांना सारखी नसते. दुकानात नोकरीस ठेवलेला दूरचा भाचा पगाराविषयी बोलला, तर ती गोष्ट रात्रीपर्यंत दोन्ही घरांत पोहोचते. मालकाकडून उचल घेतलेल्या नोकराला वाटते की, आधीच घेतलेले फिटले नाही, आता आणखी कोणत्या तोंडाने मागावे? आणि स्त्री हिशोबनीस असेल, तर तिच्या पगाराकडे अजूनही ‘घराला थोडा हातभार’ म्हणून पाहिले जाते. घर नवऱ्याच्या कमाईवर चालते, असे गृहीत धरले की, तिची वाढ नेहमीच पुढच्या वर्षावर ढकलता येते. पुरुषाने मागितले तर तो व्यवहारी ठरतो, स्त्रीने मागितले तर ती ‘हिशोबी’ ठरते.

ही केवळ समजूत नव्हे. अमेरिकेतील हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक व लेई लाय यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, पगाराविषयी बोलणी सुरू करणाऱ्या उमेदवारांपैकी स्त्रियांविषयीचे मत पुरुषांपेक्षा अधिक बिघडते आणि त्यांच्यासोबत काम करण्याची इच्छा कमी होते. म्हणजे न मागणाऱ्या स्त्रीचे मौन हा निव्वळ भिडस्तपणा नसतो. आपल्याला काय ऐकावे लागेल, याचा तिने बांधलेला तो बहुधा अचूक अंदाज असतो. म्हणूनच ‘धीट हो आणि माग’ हा सल्ला अपुरा पडतो.

या संदर्भात मुंबईचा एक खटला लक्षात ठेवण्याजोगा आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. त्यांच्या पदाचे नावच ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे होते. पुरुष लघुलेखकांना अधिक वेतन मिळे, स्त्रियांना कमी. जून १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपली आणि त्यानंतर त्यांनी समान वेतन कायदा, १९७६ खाली फरकाची मागणी केली. पहिल्या अधिकाऱ्याने ती फेटाळली, पण अपिलात ती मान्य झाली. कंपनी उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च १९८७ मध्ये तेथेही निकाल डिकॉस्टा यांच्याच बाजूने लागला. स्त्रियांचे पद वेगळे आहे, कर्मचारी संघटनेशी वेतनाचा करार झाला आहे, आर्थिक स्थिती नाजूक आहे, ही कंपनीची कारणे टिकली नाहीत. न्यायालयाने पदाच्या नावाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाकडे पाहिले. समान कामाला समान वेतनाची ही तरतूद आता वेतन संहिता, २०१९ मध्ये समाविष्ट आहे.

या खटल्यातून घेण्याजोगा धडा न्यायालयात जाण्याचा नाही. ‘लेडी’ या शब्दाने जे झाकले होते, ते कामाची कामाशी तुलना केल्यावर उघडे पडले, हा तो धडा आहे. उमरग्याच्या दुकानातही तयारी म्हणजे नेमके हेच. मागणी नात्याच्या खात्यातून काढून कामाच्या खात्यात लिहायची.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, कापडाच्या एका दुकानात एक हिशोबनीस ताई चार वर्षांपूर्वी दिवाळीला दरमहा १४,००० रुपयांवर लागल्या. दर दिवाळीला मालकांनी आपणहून ५०० रुपये वाढविले. तीन वाढी होऊन पगार १५,५०० झाला. दोन्ही बाजूंना वाटते की, पगार वाढत आहे. आता महागाई वर्षाला पाच टक्के धरून हिशोब करावा. पहिल्या वर्षाअखेर त्याच १४,००० चे मोल टिकवायला १४,७०० लागतात, दुसऱ्या वर्षी १५,४३५, तिसऱ्या वर्षी सुमारे १६,२०० आणि चौथ्या वर्षी सुमारे १७,०००. म्हणजे या दिवाळीला १७,००० दिले, तरी ताई चार वर्षांपूर्वी होत्या तेथेच राहतील. नेहमीची ५०० ची वाढ मिळून १६,००० झाले, तर त्या प्रत्यक्षात १,००० रुपयांनी मागे गेलेल्या असतील. महागाईचा दर पाचच धरावा असे नाही. सरकारी निर्देशांक पाहून तो आकडा बदलावा, रीत तीच राहते.

हा झाला स्थिर राहण्याचा हिशोब. दुसरा हिशोब वाढलेल्या कामाचा. समजा, ताई लागल्या तेव्हा जीएसटीची विवरणपत्रे बाहेरचे करसल्लागार भरत आणि त्याचे दरमहा १,५०० रुपये जात. गेल्या दीड वर्षापासून हे काम ताईच करतात. दरमहा भरणाऱ्या दुकानाला जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी वीस तारखेपर्यंत भरावे लागते. कर देय असताना ३बीला उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज पडते. दीड वर्षात एकदाही विलंबशुल्क भरावे लागले नसेल, तर ती कामाच्या दर्जाची लेखी साक्ष आहे. पोर्टलवरील भरल्याच्या तारखा कोणालाही दाखविता येतात. सतरा हजारांत हे दीड हजार मिळवले की, मागणी १८,५०० ची होते. हा आकडा हवेतला नाही. त्याचा प्रत्येक रुपया कोठून आला, हे सांगता येते.

मागणीच्या आधी आणखी एक आकडा पाहावा, तो किमान वेतनाचा. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी राज्याने ठरविलेल्या दरांत मूळ वेतन व विशेष भत्ता असतो. भत्ता जानेवारी व जुलैमध्ये बदलतो, आणि दर कामगाराच्या कौशल्याप्रमाणे व गावाच्या परिमंडळाप्रमाणे वेगळे असतात. हिशोबनिसाचे काम कुशल श्रेणीत येते का आणि आजचा दर किती, हे कामगार कार्यालयात विचारून घ्यावे. चालू पगार त्याखाली असेल, तर विषय वाढीचा राहतच नाही, तो कायद्याने देय रकमेचा होतो.

मग हे सारे एका पानावर लिहावे. डावीकडे रुजू होतानाची कामे, उजवीकडे आजची कामे, खाली दोन ओळींत आकडे. ज्याने उचल घेतली आहे, त्याने तिची बाकी वेगळ्या ओळीत मांडावी आणि तिची फेड कशी चालू आहे, ते लिहावे. उचल हे कर्ज आहे, पगार हा कामाचा मोबदला. दोन्ही एकाच ओळीत आले की, नोकराची मान आपोआप खाली जाते.

वेळही निवडावी लागते. बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांसमोर किंवा लग्नसराईच्या गर्दीत विषय काढला की, उत्तर ‘बघू’ असेच येते. दिवाळीच्या वहीपूजनाआधी पंधरा-वीस दिवस, मालक वर्षाचा आढावा घेत असतात तेव्हा, आधी सांगून बसावे. ‘‘काका, दिवाळीच्या हिशोबाआधी माझ्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायचं आहे. उद्या दुपारी बसू का?’’ एवढे पुरे. बसल्यावर प्रारंभ घरखर्चाने करू नये. मुलाची फी, सासूचे औषध हे खरे असले, तरी त्याने मागणी पुन्हा मदतीच्या खात्यात जाते आणि मालक फीची सोय करून मोकळे होतात. त्याऐवजी म्हणावे, ‘‘जीएसटीचं काम आता दुकानातच होतं, बाहेरचा खर्च वाचला. पुढच्या वर्षी स्टॉकची नोंदही महिन्याच्या महिन्याला करायचा विचार आहे. त्या हिशोबानं हा कागद केला आहे, तुम्ही पाहा.’’ दुकानाच्या हिताशी जोडलेली मागणी ऐकणाऱ्याला बोचत नाही, आणि बोलणारीवर हिशोबीपणाचा शिक्काही सहसा बसत नाही.

उत्तरे साधारण ठरलेली असतात. ‘‘यंदा धंदा मंदा आहे,’’ असे आले तर ते खरे असू शकते. सोयाबीन पडत्या भावाने गेले की, कापडाचे दुकानही रिकामे पडते. अशा वेळी १८,५०० चा आग्रह सोडून आता १७,००० आणि उरलेली रक्कम अक्षय्य तृतीयेपासून, असा टप्पा सुचवावा. सतरा हजार ही खालची मर्यादा का, हे कागदच सांगतो. ‘‘तू तर घरचीच आहेस,’’ असे आले तर हसून म्हणावे, ‘‘म्हणूनच तर तुमच्याशीच बोलते आहे, काका.’’ ‘‘बघू,’’ असे आले तर तारीख विचारावी. तारखेशिवायचे ‘बघू’ बहुधा नकारच असते. दोन तारखा उलटूनही उत्तर आले नाही, तर त्या दुकानात आपल्या कामाची किंमत ठरली आहे, असे समजून अन्यत्र चौकशी करावी. ‘सोडून जाईन’ हा शब्द मात्र दुसरी जागा पक्की झाल्याशिवाय उच्चारू नये.

येथपर्यंत मागणाऱ्याची बाजू झाली. परंतु गाठ बांधली आहे ती मालकाच्या बाजूनेही, आणि ती सोडविणे त्यांना अधिक सोपे आहे. आन्द्रेआस लाइबब्रांट व जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत प्रत्यक्ष नोकरभरतीत प्रयोग केला. वेतनाविषयी बोलणी करता येतील की नाही, हे जाहिरातीत स्पष्ट नव्हते, तेव्हा बोलणी करण्यात पुरुष पुढे होते. ‘वेतन चर्चेने ठरेल’ एवढे वाक्य घातल्यावर तो फरक मावळला. स्त्रियांना मागता येत नव्हते असे नाही, मागणे चालेल की नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

उमरग्यातील दुकानाला यासाठी वेगळा खर्च नाही. दसऱ्यानंतरचा एक दिवस ठरवावा आणि भाचा, मुनीम, ताई, हमाल अशा प्रत्येकाला मालकांनीच बोलावून विचारावे, ‘‘वर्षभरात तुमचे काम काय वाढले?’’ उत्तर एका वहीत लिहावे, वाढ दिली तर तीही लिहावी, दिली नाही तर कारण लिहावे. पुढच्या वर्षी तीच वही उघडावी. लग्नातली मदत, दवाखान्यातली धावपळ ही चालूच राहावी, मात्र ती या वहीत येऊ नये. ज्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या देणे आणि येणे एका पानावर मिसळू दिले नाही, त्यांना हे नव्याने शिकविण्याची गरज नाही.