सातबाऱ्यावरचं उलटं कुलूप

कुणीही लावावं, पण उघडावं एकानेच, असं कुलूप असतं ना? डिजिटल सही म्हणजे तेच उलटं.

पैठणहून मामांनी सातबाऱ्याची पीडीएफ पाठवली. सही करताना त्यातल्या मजकुराचा छोटा ठसा निघतो. तो अधिकाऱ्याच्या खाजगी किल्लीने बंद होतो. सार्वजनिक किल्लीने कुणीही उघडून ताडून बघावा. क्षेत्र ०.८० हेक्टरचं कुणी १.८० केलं, तर ठसा जुळतच नाही.

सहीवर प्रश्नचिन्ह दिसलं, तर लगेच बनावट म्हणू नका. बहुतेकदा आपल्या संगणकाला त्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र ओळखीचं नसतं, एवढंच.

मामांनी मात्र प्रिंटच काढून ठेवली होती! कागदावर उरतं ते सहीचं नुसतं चित्र. तिथे किल्ली चालत नाही; छापलेला पडताळणी क्रमांक महाभूमीच्या साइटवर टाकूनच बघावं लागतं.