एका दाबात न सुटणारा फ्लश

फ्लशच्या टाकीचे झाकण उचलले की मध्यभागी उलट्या पेल्यासारखे किंवा देवळातल्या घंटेसारखे एक प्लास्टिकचे पात्र दिसते. याच घंटेत सायफन असतो. हँडल एकदा दाबले की टाकीतले सगळे पाणी एका दमात भांड्यात उतरावे, अशी त्याची रचना असते. ती बिघडली की हँडल हातपंपासारखे पाच-सहा वेळा हापसावे लागते, किंवा फ्लश होतो पण पाण्याला जोर नसतो. ही दोन्ही लक्षणे सारखी भासली तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. पहिल्यात सायफन चालूच होत नाही. दुसऱ्यात तो चालू होतो, पण लवकर तुटतो किंवा पाण्याला पुढे वाट मिळत नाही.

सायफन म्हणजे उलट्या यू आकाराची नळी. तिचा एक पाय टाकीच्या पाण्यात उघडतो, तर दुसरा टाकीच्या तळातून खाली फ्लश पाइपात जातो. नळीचे वळण टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या थोडे वर असते, म्हणून एरवी पाणी तिथेच थांबून राहते. पाण्याचा एक मोठा घोट त्या वळणावरून पलीकडे ढकलला, की खाली पडताना तो नळीतली हवा सोबत ओढून नेतो. हवा निघून गेली की बाहेरचा हवेचा दाब टाकीतले उरलेले पाणी आपोआप वर चढवत राहतो आणि हँडल सोडले तरी प्रवाह थांबत नाही. पाणी घंटेच्या कडेपर्यंत खाली आले, की तिथून हवा आत शिरते, गुडगुड आवाज होतो आणि सायफन तुटतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. सायफनला अर्धवट चालू होणे ठाऊक नाही. वळणावरून गेलेला घोट हवा ओढण्याइतका मोठा नसेल, तर तो नळीच्या भिंतीवरून ओघळून जातो आणि पुन्हा शांतता पसरते. टाकी भरलेली असूनही फ्लश न होण्याचे कारण हेच.

तो घोट ढकलण्याचे काम घंटेच्या आतला दट्ट्या करतो. दट्ट्या म्हणजे मोठी भोके असलेली गोल चकती. तिच्यावर पातळ, लवचीक प्लास्टिकचा एक गोल पडदा सैल बसवलेला असतो. हँडल दाबले की एक आकडा चकतीची दांडी वर खेचतो. वरच्या पाण्याच्या भाराने पडदा भोकांवर घट्ट बसतो आणि चकतीवरचे सगळे पाणी वळणापलीकडे जाते. सायफन चालू झाला, की खालून येणारे पाणी तोच पडदा वर उचलते आणि भोकांतून वाट काढते. जाताना बंद आणि येताना उघडा, असे हे दार आहे. सगळ्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी जाणारा भाग हाच.

जुन्या चाळींत आणि सरकारी इमारतींत उंचावर बसवलेली बिडाची साखळीची टाकी याच तत्त्वावर चालते, पण तिच्यात दट्ट्या नसतो. तिथे जड बिडाची घंटाच वर-खाली होते. साखळी ओढली की घंटा वर उचलली जाते. सोडली की ती दाणकन खाली बसते आणि तिच्याखाली सापडलेले पाणी उभ्या नळीच्या तोंडावरून आत उसळते. म्हणजे फ्लश ओढताना नव्हे, सोडताना होतो. इंग्लंडमध्ये जुन्या साखळ्यांच्या काही मुठींवर ‘पुल अँड लेट गो’ असे लिहिलेले असे, त्यामागे हेच कारण. साखळी हळूहळू सोडणाऱ्याला तिथे हमखास दोनदा ओढावी लागते. गंज किंवा क्षार धरल्यामुळे घंटा अडकत खाली येऊ लागली, तर कितीही नीट ओढली तरी तोच अनुभव येतो.

हँडलच्या टाकीत बिघाड नेमका कुठे आहे, हे काही न खोलताही ओळखता येते. त्यासाठी एक क्रम पाळला की पुरे. समजा, एका फ्लॅटमध्ये भांड्याच्या थोडी वर, भिंतीवर बसवलेली दहा लिटरची प्लास्टिकची टाकी आहे आणि हँडल सहा वेळा हापसल्याशिवाय फ्लश सुटत नाही. झाकण काढल्यावर टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण दिसते. पाणी त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली आहे. टाकी आतून 38 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद असेल, तर पाच सेंटिमीटरचा अर्थ जवळजवळ पावणेतीन लिटर पाणी कमी. दहा लिटरच्या टाकीत हा तोटा मोठा आहे. शिवाय घोटाला वळणापर्यंत चढायचे अंतरही तेवढेच वाढले.

त्या घोटाचा हिशोब मांडून पाहता येतो. दट्ट्याचा व्यास साडेआठ सेंटिमीटर आणि उचल आठ सेंटिमीटर असेल, तर एका दाबात सुमारे 450 मिलिलिटर पाणी वर जाते. वळण पाण्याच्या चार सेंटिमीटर वर असेल आणि चढती नळी 15 चौरस सेंटिमीटरची असेल, तर त्यातले 60 मिलिलिटर नळी भरण्यात जातात आणि उरलेले चारशेच्या आसपास पलीकडे पडतात. पातळी पाच सेंटिमीटर खाली गेली की नळी भरायला 135 मिलिलिटर लागतात. आता आकडा वाकून उचल आठवरून पाच सेंटिमीटरवर आली असेल, तर वर जाणारे पाणीच 285 मिलिलिटरवर येते आणि पलीकडे जेमतेम 150 पडते. दोन किरकोळ दोष एकत्र आले आणि घोट निम्म्याहूनही लहान झाला. म्हणूनच हा बिघाड एका दिवसात आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो महिनोन्‌महिने साचत आलेला असतो.

तपासणीचा पहिला टप्पा मगाचा. मगाने पाणी ओतून पातळी खुणेपर्यंत आणायची आणि हँडल एकदाच दाबायचे. फ्लश नीट सुटला तर सायफन निर्दोष आहे आणि दोष बॉलकॉकचा आहे. फुग्याची दांडी किंचित वर वाकवून किंवा तिच्यावरचा स्क्रू फिरवून पातळी खुणेला आणता येते. खुणेच्याही वर नेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहून जाते.

पातळी बरोबर असूनही फ्लश सुटत नसेल, तर दुसरा टप्पा हाताचा. हँडल बाजूला ठेवून दट्ट्याची दांडी थेट हाताने पूर्ण वर खेचायची. असे केल्यावर फ्लश सुटला तर दट्ट्या ठीक आहे. हँडलच्या दांड्याचा स्क्रू सैल झालेला असतो, किंवा आकडा झिजून लांब झालेला असतो, त्यामुळे हँडलचा निम्मा प्रवास पोकळीत वाया जातो. ही दुरुस्ती स्क्रू आवळून किंवा आकडा बदलून पाच मिनिटांत होते.

हाताने खेचूनही फ्लश सुटत नसेल, तर संशय पडद्यावर येतो. त्याची एक पक्की खूण आहे. दांडी हळू वर नेली तर काहीच होत नाही, पण झटक्याने नेली तर कधी कधी फ्लश सुटतो. फाटलेल्या किंवा आक्रसलेल्या पडद्यातून पाणी परत खाली गळते, पण गळायला वेळ लागतो. झटका त्या गळतीच्या पुढे जातो. हँडल भराभर हापसण्याची सवय लागते ती याच कारणाने. दोष पडद्याचा असला की हँडल हातालाही हलके लागते, कारण त्यावर पाण्याचा भार पूर्ण येत नाही.

वर सांगितलेल्या टाकीत पडदाच फाटलेला निघाला असे धरू. तो बदलण्यासाठी अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करायची. घंटेखाली थोडे पाणी उरतेच, ते कपड्याने किंवा स्पंजने टिपून घ्यायचे. अखंड सायफन असेल तर टाकीखालची फ्लश पाइपची चकरी आणि मग सायफनचा मोठा नट सोडवून तो संपूर्ण बाहेर काढावा लागतो. टाकी थेट भांड्यावरच बसवलेली असेल, तर आधी टाकीच उचलावी लागते. दोन किंवा तीन तुकड्यांच्या सायफनमध्ये मात्र दट्ट्याचा भाग आतूनच सुटतो. नवीन पडदा त्याच मापाचा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास जाड प्लास्टिकच्या लवचीक शीटमधून जुन्याच्या मापाने कापता येतो. माप मात्र नेमके हवे. कडेला घासेल इतका मोठा कापला तर तो मुडपतो, आणि भिंतीपासून अंतर राहील इतका लहान कापला तर पाणी कडेने गळते. घट्ट रबराचा जाड तुकडा तर अजिबात चालत नाही, कारण परतीच्या प्रवाहात तो वर उचलला जात नाही आणि फ्लश सुटूनही मंदच राहतो. सायफन परत बसवताना तळाचा वायसर नवा घातलेला बरा, नाहीतर भिंतीवर ओल येते.

आता दुसरे लक्षण, कमजोर फ्लश. यात झाकण काढून टाकीतली पातळी पाहायची. दहा लिटरची टाकी साधारण पाच-सहा सेकंदांत रिकामी व्हायला हवी. पाणी भराभर उतरून मध्येच थांबत असेल, तर घंटेला तडा गेला आहे किंवा जोडातून हवा शिरते आहे. काही सायफनांत अर्ध्या फ्लशसाठी घंटेच्या बाजूला एक छोटे भोक असते आणि त्याला बूच असते. ते बूच निघून पडले, तरी फ्लश मध्येच तुटतो. टाकी नीट रिकामी होत असेल पण पाणी सावकाश उतरत असेल किंवा भांड्यात धार बारीक येत असेल, तर सायफनला दोष देऊ नये. तिथे भांड्याच्या काठाखालची भोके क्षाराने बुजलेली असतात. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हे वारंवार होते. लिंबाच्या सत्त्वाचे द्रावण रात्रभर ठेवून सकाळी तारेने भोके मोकळी करता येतात. आम्ल आणि ब्लीच मात्र एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एवढी कटकट असूनही ब्रिटनमध्ये सायफन शतकभर टिकला, तो पाणी वाचवण्याच्या गुणामुळे. तिथे या टाकीला ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’ म्हणत. अशा एका बिनझडपेच्या टाकीचे 1898चे पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावे आहे, श्रेय मात्र लोक थॉमस क्रॅपर यांना देतात. तळाला झडप असलेली टाकी झिजली की तिच्यातून पाणी न दिसता, न ऐकू येता भांड्यात झिरपत राहते. सायफनात पाणी वळणावर चढल्याशिवाय पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून तो झिजला तरी गळत नाही, फक्त चालायचे नाकारतो. ब्रिटनच्या 1999च्या नियमांनंतर, 2001पासून, तिथे झडपेच्या टाक्यांनाही परवानगी मिळाली आणि नव्या टाकीची मर्यादा सहा लिटरवर आली.