एका पोत्याचा व्हिडिओ आणि चार प्रश्न

अकोल्याच्या एमआयडीसीत मिनी डाळ मिल बनवणारं एक छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. दोन लेथ, वेल्डिंगची जागा, सात-आठ माणसं. मालक स्वतःच डिझाइन करतो, स्वतःच फोन उचलतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळ मिल विकसित केली, तेव्हापासून विदर्भात हा धंदा ओळखीचा आहे. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, गावात डाळ भरडून देणारे लहान उद्योजक. पूर्वी ते कृषी प्रदर्शनात भेटायचे. आज तेच मोबाइलवर 'डाळ मिल' शोधतात, आणि म्हणून मालक फेसबुकवर जाहिरात टाकतो. महिनाभरात दीडशेच्या वर चौकशा येतात आणि एकही मशीन विकली जात नाही. इथे नेमकं काय बिघडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरातीखाली फॉर्म जोडता येतो. त्यावर बोट ठेवलं की नाव आणि फोन नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरलेले दिसतात. माणसाने फक्त 'पाठवा' दाबायचं. गोम इथेच आहे. स्क्रोल करताना चुकून बोट लागतं, प्रोफाइलवरचा नंबर जुना असतो, काहींना वाटतं की कारखान्यात नोकरीची जाहिरात आहे. फोन केला की पलीकडून उत्तर येतं, "मी कुठं फॉर्म भरला?" असे दहा फोन झाले की मालक अकरावा करतच नाही, आणि नेमकी अकरावी चौकशी खऱ्या गिऱ्हाइकाची असते.

हिशेबासाठी आकडे धरून चालू. रोज 300 रुपयांप्रमाणे 30 दिवसांत 9,000 रुपये खर्च झाले आणि 180 फॉर्म आले. फॉर्ममागे 50 रुपये, म्हणजे स्वस्तच वाटतं. पण त्यातल्या 60 जणांनी फोनच उचलला नाही, 50 जणांनी चुकून दाबलं होतं, 50 जणांना घरची पिठाची चक्की हवी होती. उरले 20. खऱ्या चौकशीमागे खर्च पडला 450 रुपये.

आता त्याच 9,000 रुपयांत फॉर्म थोडा अवघड करू. फॉर्म बनवताना `More volume` ऐवजी `Higher intent` हा प्रकार निवडला, तर पाठवण्याआधी भरलेली माहिती एकदा तपासायला सांगितली जाते. चुकून दाबणारे तिथेच गळतात. त्याच्या जोडीला चार प्रश्न विचारायचे: कोणती डाळ करायची आहे, रोज किती क्विंटल, वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि मशीन कधीपर्यंत हवी. आता धरा की 45 फॉर्म आले आणि त्यातले 18 खरे निघाले. खऱ्या चौकशीमागे 500 रुपये, म्हणजे आधीपेक्षा थोडे जास्तच! तरीही माझ्या मते हाच सौदा बरा. फोनला पाच मिनिटं धरली, तर 180 फोनांना 15 तास लागतात आणि 45 फोनांना पावणेचार. ज्या मालकाला दुपारी रोलर बसवायचा आहे, तो पावणेचार तास काढू शकतो. सगळ्यांना त्याच दिवशी फोन जातो, आणि दोन दिवसांनी गेलेल्या फोनाची किंमत निम्मीही उरत नाही. तोवर त्याने आणखी तिघांना विचारलेलं असतं.

चारांपैकी विजेचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्याने शेड पाहिली आहे, मीटर कुणाच्या नावावर आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो लगेच उत्तर देतो. नुसता विचार करणारा तिथे अडखळतो. फॉर्मवर न लिहिता कुणी उलट विचारलं, "भाऊ, तुमची मशीन सिंगल फेजवर चालते का?" तर तो माणूस घ्यायच्या तयारीत आहे असं समजा.

पण फॉर्मच्या आधी दिसतो तो व्हिडिओ, आणि बहुतेक वर्कशॉप तिथेच चुकतात. रंगवलेली नवी मशीन, मागे गाणं, वर मोबाइल नंबर. डाळीच्या धंद्यातला माणूस रंग पाहत नाही, उतारा पाहतो. म्हणून व्हिडिओ एका पोत्याचा काढावा. तुरीचं पोतं काट्यावर ठेवा, आकडा स्पष्ट दिसू द्या. तूर हॉपरमध्ये ओता, मशीनचा खरा आवाज ऐकू द्या. डाळ, चुनी आणि भुसा वेगवेगळे पडताना दाखवा, मग तिन्ही पुन्हा काट्यावर तोला. शेवटी मूठभर डाळ हातात घेऊन कॅमेऱ्याजवळ आणा, म्हणजे कडा तुटल्यात का आणि साल राहिलंय का, हे बघणाऱ्याला दिसेल. मधे कुठेही कट नको. काटा एकदा जरी फ्रेमबाहेर गेला, तरी जाणकार माणूस विश्वास ठेवत नाही. हा अख्खा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवायचा, कारण शोधणारा तिथे पुढच्या वर्षीही येतो. त्यातलाच चाळीसेक सेकंदांचा उभा तुकडा जाहिरातीला वापरायचा.

त्या व्हिडिओत एक गोष्ट बोलून दाखवलीच पाहिजे: तूर पोत्यातून काढून थेट मशीनमध्ये टाकली तर अशी डाळ पडत नाही. आधी तेल चोळावं लागतं, पाणी मारावं लागतं, उन्हात वाळवावी लागते, तेव्हा साल सैल होतं. त्यात काही दिवस जातात. हे लपवलं तर मशीन विकली जाईल, पण पहिल्याच आठवड्यात "तुमची मशीन गोटाच काढते, डाळ होत नाही" असा फोन येईल, आणि तीच तक्रार तुमच्या जाहिरातीखाली सगळ्यांना वाचायला मिळेल.

कारखान्यांच्या खरेदी विभागाला सुटे भाग विकणाऱ्यांसाठी लिंक्डइन ठीक आहे. डाळ मिलचं गिऱ्हाईक तिथे फारसं नाही.

खरी चौकशी आली की पुढचं सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. व्हॉट्सअॅप बिझनेस मोफत आहे आणि त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं. 'कोटेशन दिलं', 'बँकेत फाईल', 'हंगामानंतर' ही तीन लेबलं पुरतात. दुसऱ्याचं कारण सबसिडी. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठरलं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. त्यामुळे आधी कोटेशन लागतं, मग बँक, मग ऑर्डर, आणि यात महिने जातात. काहीजण फाईलला जोडायला नुसतं कोटेशन नेतात आणि मशीन दुसरीकडे घेतात. कोटेशन मागणाऱ्याला शाखा आणि फाईलची स्थिती विचारा. ज्याचं काम खरंच पुढे सरकलंय, तो आनंदाने सांगतो.

आणि फॉर्म वेळेवर उतरवून घ्या. फेसबुकवर आलेले फॉर्म 90 दिवसांपर्यंतच डाउनलोड करता येतात. दिवाळीआधी जाहिरात केली आणि यादी तिथेच राहू दिली, तर फेब्रुवारीत तूर बाजारात ओसंडत असताना ती मिळणार नाही.

तुमच्या फोनमध्ये 'हंगामानंतर' लेबलाखाली गेल्या वर्षीची माणसं असतील. जाहिरातीत नवा रुपया घालण्याआधी त्यांना फोन करा.