‘तंगडं तोडीन’ : दटावणी कधी, धमकी कधी?

मुस्काट, तंगडं, मुडदा असे शब्द आले की वाक्य धमकीचंच, हा सर्रास आढळणारा गैरसमज. मराठी जबाबाचं इंग्रजी करताना तो फार महागात पडतो. ‘मुडदा बशिवला तुझा’ हेच घ्या. क्रियापद भूतकाळी असल्यामुळे शब्दशः अनुवाद केला तर कुणीतरी प्रेत बसवल्याची कबुलीच वाटेल. प्रत्यक्षात तो शाप आहे, आणि बोलणारी स्वतः काही करणार असल्याचं त्यात कुठंच नाही. आजीनं नातवाचा गाल ओढत म्हटलं तर शापही उरत नाही.

मग वाक्याची घडण पाहिली की उलगडा होतो का? थोडाफार होतो. ‘तंगडं तोडीन’ हा ठरलेला साचा आहे. ‘उद्या स्टँडवर तुझा पाय तोडणार आहे’ यात साचा मोडला, दिवस आणि जागा आली, ‘तोडीन’चं ‘तोडणार’ झालं. इथं अनुवादकानं थबकायलाच हवं. पण साचा शाबूत आहे म्हणून धोका नाही, असं मात्र मुळीच नव्हे.

समजा, काका पुतण्याला म्हणतो, ‘न विचारता गाडी नेलीस तर तंगडं तोडीन.’ आणि बांधाच्या वादात तोच काका म्हणतो, ‘बांधावर पाय ठेवलास तर तंगडं तोडीन.’ माणसं तीच, व्याकरण तेच, एकेरी हाकही तीच. फरक जबाबाच्या उरलेल्या ओळींत सापडतो. हातात काठी होती का? आधी मारहाण झाली होती का? सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे ऐकणाऱ्याचं पुढचं वागणं. पुतण्या हसून चावी घेऊन गेला, की दुसऱ्या दिवसापासून शेताकडे फिरकलाच नाही? म्हणून निष्णात अनुवादक आधी अख्खा जबाब वाचतो, मग त्या वाक्याला हात घालतो.

हसत बोललं म्हणजे थट्टा, हेही खरं नाही. ‘तुमची मुलगी रोज याच रस्त्यानं शाळेत जाते ना? जपा हं.’ एकही हिंसक शब्द नाही, तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

शेवटचा गैरसमज खुद्द काही अनुवादकांचा असतो: थट्टा वाटली तर वाक्य सौम्य करून टाकावं. पण निवाडा त्यांचा नाही. गुन्हेगारी धाकदपटशाचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत 506 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 351 आहे. माणिक तनेजा प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भीती घालण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द पुरेसे नाहीत. तो हेतू न्यायालयाला तपासता यावा यासाठी मूळ शब्द जसेच्या तसे ठेवावेत, शेजारी शब्दशः अर्थ द्यावा आणि ‘दटावतानाही वापरतात’ एवढीच टीप जोडावी. ‘रागावून बोलला’ असं लिहून मोकळं झालं, तर काठी आणि तंगडं दोन्ही कागदावरून नाहीशी होतात.