दूध सहा रुपयांनी का वाढतंय



येत्या एक तारखेपासून आपल्या रतिबाच्या म्हशीच्या दुधाचा भाव लिटरला ७२ ऐवजी ७८ रुपये होईल. ‘सगळंच महागलंय’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण पैसे तुमच्या खिशातून जाणार, तेव्हा हिशोब तुम्हाला कळायला हवा.

गोठ्यात २० म्हशी आहेत. त्यांतल्या १४ दुधावर, सहा भाकड. म्हैस एका वेताला साधारण दहा महिने दूध देते, मग आटते आणि पुढच्या वेतापर्यंत नुसती खाते. पण तिच्या पोटात पारडू वाढत असतं, त्यामुळे हात आखडता घेता येत नाही. या सहा जणींचा चारा निघतो तो तुमच्याच दुधाच्या पैशांतून.

दुभत्या म्हशीला स्वतःच्या अंगासाठी दोन किलो आणि दर लिटर दुधामागे अर्धा किलो खुराक घालावा लागतो. आठ लिटरवालीला झाला सहा किलो. चौदा जणींचा ८४ आणि भाकडांचा १२ धरून रोजचा खुराक ९६ किलो. सरकी पेंड आणि चुनीचा हा खुराक किलोमागे पाच रुपयांनी चढलाय, म्हणजे दिवसाला ४८० रुपये. कडबा कुट्टी रोज १२० किलो लागते; ती दोन रुपयांनी वाढली, तिचे २४०. एकूण ७२० रुपये, आणि दूध ११२ लिटर. लिटरमागे सहा रुपये चाळीस पैशांच्या वर जातं. वरचे पैसे मी सोसतोय. गड्यांचा पगार आणि डॉक्टरचं बिल यात धरलेलं नाही.

‘पेंड थोडी कमी घाला,’ असं काहीजण सुचवतात. ताजी व्यालेली म्हैस आधी अंगावरचं मांस झिजवून दूध देते, त्यामुळे सुरुवातीला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मग बरगड्या दिसू लागतात, दूध उतरतं, आणि मुख्य म्हणजे ती वेळेवर माजावर येत नाही. गाभण राहायला दोन महिने उशीर झाला, की भाकड काळ तेवढाच लांबतो. आज वाचवलेली पेंड पुढच्या वर्षी दामदुपटीने वसूल होते.

राहिला पाण्याचा मार्ग. तो गोठ्यात सगळ्यात स्वस्त आहे आणि तो मला घ्यायचा नाही.

दिवाळीनंतर नवी सरकी आली की पेंड बहुतेक वेळा उतरते. उतरली तर भावही उतरवीन. किती, ते असाच हिशोब मांडून सांगेन. कुणाला रतीब कमी करायचा असेल तर २५ तारखेपर्यंत दूधवाल्या पोराला सांगा. पहाटे पाचला धार काढतो, तेव्हा येऊन पेंडीची बिलं अवश्य बघा.