पहिल्या भेटीआधीचे मेसेज : काय राखून ठेवायचं आणि काय नाही

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या अनेक घरांत आता बायोडाटा आधी व्हॉट्सॲपवर येतो. स्थळ पटण्यासारखं वाटलं की मुला-मुलीला एकमेकांचे नंबर मिळतात आणि पाहण्याच्या कार्यक्रमाआधी दोघं काही दिवस मेसेजवर बोलतात. या दिवसांत थोडी थट्टा केली, थोडं राखून ठेवलं तर भेटीची ओढ वाढते, हे खरंच आहे. चुकतं ते थट्टा कशाची करायची आणि राखून काय ठेवायचं, इथे.

सगळ्यांत पक्का गैरसमज असा, की स्वतःबद्दल काही सांगितलं नाही की आपोआप गूढ तयार होतं. जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने 1994 मध्ये कुतूहलाचा सिद्धांत मांडला, तो याच्या उलट आहे. माणसाला एखाद्या गोष्टीतलं थोडं कळलेलं असतं आणि नेमका एक तुकडा गळालेला दिसतो, तेव्हा कुतूहल जागं होतं. काहीच कळलेलं नसेल तर ते जागं व्हायला जागाच नसते. तिने विचारलं, “सुट्टीत काय करता?” आणि उत्तर आलं, “भेटल्यावर कळेलच”, तर तिच्या हाती काहीच लागत नाही, उलट हा माणूस टाळतोय असं वाटतं.

आता त्याऐवजी असा मेसेज धरा : “चौथीत असताना हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात मी हरवलो होतो. आकाशपाळणेवाल्याने मला बाबांकडे पोचवलं. बाबा बक्षीस द्यायला लागले तर त्याने पैसे घेतले नाहीत, वेगळंच काहीतरी मागितलं. काय मागितलं ते रविवारी भेटल्यावर सांगतो.” जागा, वय, माणूस, प्रसंग सगळं दिलंय, राखला आहे फक्त शेवट. तिला अंदाज करता येतो, “जिलेबी?” असं विचारता येतं आणि त्याला “जवळ आलात, पण नाही” म्हणता येतं. अट एकच : शेवट खरा असला पाहिजे आणि रविवारी न विसरता सांगितला पाहिजे. दोन-तीन गोष्टी अशा अर्धवट सोडल्या की मजा संपते आणि चिडचिड सुरू होते.

राखायची ती गंमत, माहिती नव्हे. शिक्षण, नोकरी, कर्ज, आजारपण, आधी मोडलेलं लग्न यांवर गूढ ठेवणं ही फसवणूक आहे. भेटीचं ठिकाण, वेळ आणि सोबत कोण येणार हेही स्पष्टच हवं. “कुठे नेतो ते सरप्राइज” हा मेसेज अनोळखी मुलीला ओढ लावत नाही, काळजीत टाकतो.

दुसरा गैरसमज थट्टेचा : शेवटी हसरी इमोजी टाकली की समोरच्याला गंमत कळते. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे तपासलं. ईमेलमधली वाक्यं गंभीर आहेत की उपरोधिक, हे वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कळलं 56 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा किंचित जास्त. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा हसरा सूर वाजत असतो, वाचणाऱ्यापुढे नुसती अक्षरं असतात. ते प्रयोग इमोजीचे नव्हते, पण इमोजीने सूर कळला तरी मूळ शब्द बोचायचा राहत नाही.

म्हणून थट्टा अशाच गोष्टीची करावी, जी समोरच्याने स्वतः हसत सांगितली आहे. ती म्हणाली, “बाहेरचा चहा मला पटतच नाही”, तर “मग रविवारी हॉटेलवाल्याची परीक्षाच आहे म्हणायची, त्याला आधी कळवून ठेवतो” हे चालतं. इथे थट्टा हॉटेलवाल्याच्या वाट्याला जाते आणि तिच्या आवडीची नोंदही घेतली जाते. रंग, वजन, उंची, बोलण्याची गावठी ढब, घरची परिस्थिती, वाढतं वय यांवरची थट्टा पहिल्या भेटीआधी कधीच करू नये. ठरवायला-नाकारायला बसलेल्या माणसाला ती शेरा म्हणूनच ऐकू येते. थट्टा नीट पोचली की नाही हे उत्तरावरून कळतं. तिने उलट थट्टा केली तर पोचली. नुसतं “हो” किंवा “बरं” आलं तर सरळ बोला, “वाईट वाटलं असेल तर माफ करा”, आणि विषय बदला.

तिसरी समजूत म्हणजे मुद्दाम उशिरा उत्तर द्यावं. या समजुतीला आधार म्हणून 2011 चा एक अमेरिकी प्रयोग सांगितला जातो. त्यात मुलगा आपल्याला किती पसंत करतो हे अनिश्चित ठेवलं, तेव्हा विद्यार्थिनींना तो जास्त आवडला. पण त्या मुलांशी त्यांचं बोलणंच झालेलं नव्हतं. अनिश्चितता संशोधकांनी निर्माण केली होती, मुलांच्या अबोल्याने नव्हे. गुरित बर्नबॉम यांच्या 2018 च्या अभ्यासात तर उलट दिसलं : समोरच्याला आपल्यात रस आहे याची खात्री असलेल्यांना तो अधिक आकर्षक वाटला. गोष्टीचा शेवट राखावा. भेटायची उत्सुकता आहे हे मात्र मोकळेपणाने सांगावं.

आणि समोरून स्पष्ट नकार आला तर तिथेच थांबा. बाईने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही वारंवार संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.